दुकानात वाजलेलं गाणं कसं शोधायचं?

आजचा विषय गाण्याचा आहे, पण गाणं म्हणायचा नाही, गाणं शोधायचा आहे. बाजारात, दुकानात, एसटी स्टँडवर एखादं गाणं कानावर पडतं. ते ओळखीचं वाटतं, हवंहवंसं वाटतं, आणि आपण पिशव्या उचलून बाहेर येईपर्यंत संपतंही. शब्द एकही हाती लागत नाही. मग घरी येऊन कुणाला विचारणार? "ढोलकीचं होतं, बाई गात होती" एवढंच सांगता येतं. ऐकणारा हसतो आणि म्हणतो, अशी हजार गाणी आहेत.

हजार आहेत हे खरं. पण चार गोष्टी नीट सांगितल्या तर त्या हजारातली दोन-तीनच उरतात. गाण्याची चाल किती जलद होती, ते ऐकून मनाला काय झालं, कोणती वाद्यं होती आणि आवाज कसा होता, या त्या चार गोष्टी. आज हे सगळं एकाच उदाहरणावरून सांगते.

आमच्या गटातल्या एक मावशी गेल्या लग्नसराईत हिंदमाताला गेल्या होत्या. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, दादर आणि परळच्या मधे, आंबेडकर रस्त्यावर हा कापडबाजार आहे. तिथल्या हिंदमाता टॉकीजवरून त्याला नाव पडलं. साड्या, ड्रेसचं कापड, ब्लाउजपीस यांची दुकानं ओळीनं आहेत, म्हणून लग्नाचा बस्ता काढायला लांबून माणसं येतात. मावशींच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. ती बहीण आदल्या वर्षी वारली, म्हणून बस्त्याची जबाबदारी मावशींवर आली. दोघी बहिणी लहानपणी तिथूनच जवळ, लालबागच्या चाळीत वाढलेल्या. वडील गिरणीत होते.

तर दुकानात साड्यांचा ढीग पडलेला, डोक्यावर पंखा, बाहेर गाड्यांचे हॉर्न, आणि कोपऱ्यातल्या छोट्या स्पीकरवर एक गाणं लागलं. मावशींच्या हातातली साडी हातातच राहिली. चाळीच्या गणपतीत त्यांची ताई याच गाण्यावर नाचली होती. मावशी तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. शब्द त्यांना कधी पाठ नव्हतेच, ताईचा नाच तेवढा आठवत होता. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, पेनड्राइव्ह मालकांचा आहे, मला नाव माहीत नाही. ताईच्या लेकीच्या हळदीला ते गाणं वाजावं, एवढीच मावशींची इच्छा होती.

आता पहिला प्रश्न असा की गाणं चालू असताना शब्द का कळत नाहीत? गोंगाटात सगळ्यात आधी बुडतात ते स, श, त, क यांसारखे हलके आवाज, आणि शब्द ओळखू येतो तो त्यांच्यामुळेच. लांबवलेले स्वर आणि ठेका मात्र गोंगाटातूनही पोचतात. वय झालं की कानाला बारीक, उंच आवाज कमी येतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला हे जास्त जाणवतं. म्हणून शब्द आठवायचा हट्ट करायचा नाही. जे पोचलं तेच विचारायचं.

पहिली गोष्ट ठेक्याची. मावशींना मी म्हटलं, गाणं मनात चालू करा आणि टेबलावर बोटानं ठेका धरा. मी घड्याळात पंधरा सेकंद मोजले. पन्नासच्या आसपास टिचक्या झाल्या. म्हणजे मिनिटाला दोनशे. हा आकडा फारच मोठा वाटला, मग घोटाळा कुठे झाला? ढोलकीवाला मुख्य ठोक्यांच्या मधे बारीक बोल भरत असतो. आपली बोटं त्या बोलांच्या मागे धावतात. यावर उपाय सोपा आहे. बोटानं नाही, पायानं मोजायचं. मी म्हटलं, मावशी, उभ्या राहा आणि ताई जसा पाय टाकत होती तसा टाका. आता पंधरा सेकंदांत पंचवीस पावलं पडली, म्हणजे मिनिटाला साधारण शंभर. हा आकडा खरा.

या आकड्याचा उपयोग असा. शांत बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला सत्तर-बहात्तर पडते. अंगाई, संथ भावगीत, बैठकीची सावकाश लावणी या नाडीच्या आगेमागे चालतात. पाय उचलायला लावणारी ढोलकीची लावणी नाडीच्या बरीच पुढे पळते. म्हणजे संथ गाणी इथेच बाजूला झाली. 'कळीदार कपूरी पान' ही लावणीच आहे, राजा बढे यांनी लिहिलेली, श्रीनिवास खळे यांच्या चालीची, पण ती बसून ऐकायची, बैठकीची लावणी. ती आपल्या यादीतून गेली.

ठेका मोजताना आणखी एक गोष्ट पाहायची. पाय डावा-उजवा, डावा-उजवा असा सरळ पडतो, की अंग झोपाळ्यासारखं हेलकावतं? सरळ पडत असेल तर ठेका चाराच्या हिशेबातला. हेलकावत असेल तर तीनाच्या. कोळीगीतं बहुतेक हेलकावणारी असतात, होडीसारखी. मावशींचा पाय सरळ पडत होता. कोळीगीतंही गेली.

दुसरी गोष्ट मनाची, म्हणजे गाण्याचा भाव. इथे जपून, कारण चारांतली ही सगळ्यात कच्ची खूण आहे. आपण लग्नाच्या खरेदीत खुशीत असलो तर गाणंही खुशीचं वाटतं. मावशींना तर ताई आठवली आणि रडू आलं. म्हणून "गाणं आनंदी होतं की दुःखी?" असं विचारलं तर उत्तर चुकतं. मावशी पटकन म्हणाल्याच, "दुःखी होतं गं." तो भाव त्यांचा होता, गाण्याचा नव्हता.

त्याऐवजी असं विचारायचं: गाणारी बाई कुणाशी बोलत असावी असं वाटलं, आणि कशी? देवाशी, स्वतःशी, लेकराशी की एखाद्या पुरुषाशी? विनवत होती, रागवत होती की चिडवत होती? यावर मावशी थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "कुणाला तरी दटावत होती, पण लटकं. ताई नाचताना असा हात करायची, लांब हो म्हणून." हे उत्तर कामाचं आहे. लटका राग म्हणजे शृंगाराची, छेडाछेडीची लावणी. विरहाची लावणी नाही. विरहाच्या लावणीलाही ढोलकी जलद वाजू शकते, त्यामुळे नुसत्या ठेक्यावरून हा फरक कळला नसता.

तिसरी गोष्ट वाद्यांची. मावशी म्हणाल्या ढोलकी. पण ढोलकीच कशावरून? आपल्या ढोलकीच्या एका तोंडाला, तबल्यासारखी, शाई असते. त्यामुळे त्या बाजूचा आवाज टणटणीत, सुरात लावलेला येतो, भांड्यावर नखानं टिचकी मारल्यासारखा. दुसऱ्या बाजूचा आवाज घुमणारा, खोल. भजनात किंवा बायकांच्या गाण्यात वापरतात तो ढोलक वेगळा, त्यात तो टणटणीत सूर नसतो. आणि हलगी तर कोरडी, कडकड वाजते.

दुकानातल्या छोट्या स्पीकरमधून खोल आवाज येतच नाही. घुमणारी बाजू गळून जाते आणि वरची टणटण तेवढी उरते. त्यामुळे कुणी म्हणतं तबला होता, कुणी म्हणतं झांजा होत्या. म्हणून वाद्याचं नाव विचारू नका, आवाज तोंडानं काढायला सांगा. मावशींनी 'टण टणक' असा आवाज काढला, मग म्हणाल्या, मागे एक तार सारखी 'तुण तुण' करत होती. ते तुणतुणं. ढोलकी आणि तुणतुणं एकत्र आलं की आपण तमाशाच्या घरात पोचलो.

वाद्यांवरून काळही कळतो. विचारायचं, गाणाऱ्या बाईच्या मागे किती माणसं असावीत असं वाटलं? पाच-सहा की शंभर? जुन्या लावण्यांत आवाज पुढे असतो, मागे मोजकी वाद्यं असतात आणि मधे मोकळी जागा ऐकू येते. अलीकडच्या चित्रपटातल्या लावण्या भरगच्च असतात. 2010 साली आलेल्या 'नटरंग'मधल्या अजय-अतुल यांच्या, बेला शेंडे यांनी गायलेल्या लावण्या आठवा, किंवा 2022 च्या 'चंद्रमुखी'मधली श्रेया घोषाल यांनी गायलेली 'चंद्रा' आठवा. ढोलकी तिथेही आहे, पण तिच्या मागे मोठा वाद्यमेळ आहे. मावशी म्हणाल्या, "नाही गं, पाच-सहाच माणसं." म्हणजे गाणं जुनं. त्यांच्या लहानपणाशी ते जुळतही होतं, पण वाद्यांनी ते वेगळं सांगितलं म्हणून जास्त भरवसा.

इथे एक सापळा आहे, तो लक्षात ठेवा. दुकानांत पुष्कळदा जुन्याच गाण्याची नवी आवृत्ती वाजत असते. गाणं तेच, पण दुसरीच गायिका आणि खाली मशीनचा धबधब ठोका. मशीनचा ठोका ओळखायचा कसा? तो पहिल्यापासून शेवटपर्यंत काटेकोर एकसारखा पडतो. माणूस ढोलकी वाजवताना ओळ संपली की बोल बदलतो, एखादी तिहाई घेतो, कधी किंचित पुढे सरकतो. ठोका मशीनचा वाटला तर वाद्यं आणि आवाज या दोन खुणा सोडून द्या, कारण त्या मूळ गाण्याच्या नाहीत. मग चाल आणि भाव यांवरच काम करायचं.

चौथी गोष्ट आवाजाची, आणि खरा निकाल इथेच लागतो. जुन्या ढोलकीच्या लावण्या म्हटल्या की तीन आवाज आधी समोर येतात: सुलोचना चव्हाण, आशा भोसले आणि उषा मंगेशकर.

सुलोचनाबाईंना आचार्य अत्र्यांनी 'लावणीसम्राज्ञी' म्हटलं. डोक्यावर पदर घेऊन, जागच्या जागी उभ्या राहून त्या गात, पण आवाजात असा ठसका की शब्द फेकल्यासारखा येऊन लागावा. खुला, भरीव गळा आणि प्रत्येक शब्दावर वजन. 'सवाल माझा ऐका' या चित्रपटातली 'सोळावं वरीस धोक्याचं' आठवली की मी काय म्हणते ते कळेल. आशाबाईंचा आवाज लवचिक. त्या शब्द फेकत नाहीत, वळवतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, मधे एखादा बारीक हेलकावा देतात, आणि ऐकताना वाटतं की गाता गाता हसतायत. उषाताईंच्या आवाजाची 1972 च्या 'पिंजरा'वरून ओळख पटते. राम कदमांच्या चाली, जगदीश खेबुडकरांची गाणी. हा आवाज थोडा बारीक, टोकदार आणि अस्सल फडावरचा वाटणारा.

आता मावशींना ही नावं सांगून "यांतली कोण?" असं विचारायचं नाही. नाव ऐकलं की माणूस आवडतं नाव निवडतो. मी तीन प्रश्न विचारले. गाताना ती बाई शब्दावर जोर देत होती की शब्द लांबवत होती? "लांबवत." तिच्याबरोबर गुणगुणलात तर गळा ताणावा लागतो का? "थोडा, फार नाही." तिचा चेहरा कसा असेल असं वाटलं? मावशी म्हणाल्या, "हसत हसत सांगत होती गं, डोळे मोठे करून." जोर नाही, वळण आहे, हसू आहे. माझं बोट आशाबाईंवर गेलं.

मग जुळवाजुळव अशी झाली: जुनी ढोलकीची लावणी, पाय सरळ पडणारी, मिनिटाला शंभराच्या आसपास, लटक्या रागाची, आशा भोसले यांच्या आवाजातली. एवढ्यावर दोन गाणी समोर आली. एक 'बुगडी माझी सांडली गं', 1959 च्या 'सांगत्ये ऐका'मधलं. गीत गदिमांचं, चाल वसंत पवारांची. दुसरं 'रेशमाच्या रेघांनी', 1964 च्या 'मराठा तितुका मेळवावा'मधलं. गीत शांता शेळके यांचं, संगीत 'आनंदघन' यांचं. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, संगीत देताना त्यांनी हे नाव घेतलं होतं.

दोन्हींपैकी कुठलं, हे त्या चार खुणा सांगू शकत नाहीत. त्यांचं काम इथे संपतं. पुढचं काम कानाचं. ही शेवटची परीक्षा घेताना "हेच ना मावशी?" असं म्हणत गाणं लावलं तर समोरचा माणूस 'हो' म्हणतो, आपल्याला बरं वाटावं म्हणून. म्हणून मी तीन गाणी घेतली आणि त्यांत एक मुद्दाम चुकीचं. 'पदरावरती जरतारीचा' हे 'मल्हारी मार्तंड'मधलं गाणं, सुलोचना चव्हाण यांचं. तेही जुनं, तेही ढोलकीचं आणि तेही साडीच्या दुकानात शोभणारं, कारण पदरावर जरीचा मोर मागणाऱ्या बाईचं आहे. फक्त आवाज वेगळा. मावशींना आपला कान नक्की कळतोय का, हे त्यावरून समजणार होतं.

मोबाइल उलटा ठेवला, म्हणजे पडद्यावरचं नाव दिसू नये. गाणी सुरुवातीपासून लावली नाहीत, मधून लावली, कारण दुकानात आपण बहुतेक वेळा मधूनच ऐकलेलं असतं. पहिलं लावलं ते सुलोचनाबाईंचं. मावशी लगेच म्हणाल्या, "ही बाई नाही." छान, कान नीट आहे. दुसरी बुगडी. "बाई हीच. पण गाणं हे नाही." तिसरं लावलं आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. पाय आपोआप पडायला लागला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "इथं ताईनं गिरकी घेतली होती."

'रेशमाच्या रेघांनी' सापडलं. कशिदा काढलेल्या साडीला हात लावू नको म्हणून दटावणाऱ्या बाईचं हे गाणं. ताई हात का तशी करायची, ते मावशींना इतक्या वर्षांनी कळलं. हळदीला गाणं वाजलं आणि ताईची लेक त्यावर नाचली.

आता ही रीत कुठे चालत नाही तेही सांगते. गाणं नुसत्या सनईचं किंवा बँडचं असेल तर आवाजाची खूण मिळत नाही, आणि मग यादी फार मोठी राहते. लग्नसराईत दुकानांत अशी धून पुष्कळ वाजते. त्या वेळी चाल गुणगुणून दाखवणं हाच मार्ग, आणि तीही दोन वेगवेगळ्या माणसांना. दोघांनी न ठरवता एकच नाव सांगितलं तर ते धरा. दुसरं म्हणजे जोडगाणी. पुरुष आणि बाई दोघं गात असतील तर दोन्ही आवाजांची खूण वेगवेगळी घ्या. पुष्कळदा बाईचा आवाज ओळखू येत नाही, पण पुरुषाच्या आवाजावरून गाणं सापडतं.

आणि शोधायला बसताना मोबाइलवर "छान जुनं आनंदी गाणं" असं टाकू नका. त्यानं काहीही पुढे येतं. गायिकेचं नाव, गाण्याचा प्रकार आणि 'जुनी' की 'नवीन' एवढेच शब्द टाका, उदाहरणार्थ 'आशा भोसले जुनी लावणी'. आलेल्या गाण्यांपैकी प्रत्येक दहा-पंधरा सेकंद ऐका. ठेका जुळला नाही की पुढे चला, पूर्ण ऐकत बसू नका. पाच-सहा गाणी सलग पूर्ण ऐकली की डोक्यातली मूळ चाल पुसट होते आणि मग नंतरचं प्रत्येक गाणं 'हेच असेल' वाटायला लागतं. थकवा आला तर थांबा, झोप झाल्यावर सकाळी पुन्हा ऐका.

बाजारात असतानाच करायचं एक काम आहे. गाणं संपल्यावर दुकानाच्या दारातच पाय टाकून पंधरा सेकंद मोजा आणि आकडा बिलाच्या मागे लिहा. शेजारी तीन शब्द लिहा: वाद्याचा आवाज तोंडानं कसा येतो तो, बाई की पुरुष, आणि ती दटावत होती की विनवत होती. गाणं रेडिओवर लागलेलं असेल तर घड्याळातली वेळही लिहा. निवेदक पुष्कळदा गाण्याच्या आधी किंवा नंतर गायकाचं नाव सांगतात, आणि त्याच वेळी तोच रेडिओ ऐकणारं कुणीतरी गावात असतंच. एवढ्या चार ओळी घरी आणल्या तर गटातली दुसरी बाईही तुमच्यासाठी गाणं शोधू शकते.

आज इथेच थांबते. नमस्कार.